रीलची जाहिरात शिळी झाली की: चालू कॅम्पेन न मोडता नवा हुक लावायची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले बरेच दुकानदार आता इन्स्टाग्राम-फेसबुकवर रीलची जाहिरात लावतात आणि गिऱ्हाईक थेट व्हॉट्सॲपवर आणतात. पहिले दोन-तीन आठवडे मेसेज भराभर येतात. मग तेवढ्याच पैशात निम्मेच येऊ लागतात. अशा वेळी बहुतेक जण एकतर कॅम्पेन बंद करून नवे काढतात, नाहीतर चालू जाहिरातीतच व्हिडिओ बदलून टाकतात. दोन्हींत नुकसान आहे. बहुतेक वेळा सगळा व्हिडिओ शिळा झालेला नसतो, त्याचा एखादाच भाग शिळा होतो, उदाहरणार्थ हुक, म्हणजे अंगठा थांबवणारी रीलची सुरुवात. तो भाग आकड्यांवरून ओळखायचा कसा आणि बाकीचे न हलवता तेवढाच बदलायचा कसा, हे इथे क्रमाने दिले आहे. उदाहरण म्हणून बेळगावच्या शहापुरातले साड्यांचे एक दुकान कल्पनेने घेतले आहे. त्यातले आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, तुमच्या दुकानाचे वेगळे निघतील.

## आधी हे हाताशी ठेवा

- संगणकावर उघडलेले ॲड्स मॅनेजर. मोबाइलच्या ॲपमध्ये किंवा नुसत्या बूस्टच्या बटणातून पुढचे बरेचसे आकडे दिसत नाहीत.
- एडिटिंग ॲपमधला मूळ प्रोजेक्ट आणि मूळ शूटिंगच्या क्लिप. तयार रीलवरून नवी रील कापली तर जुनी अक्षरे आणि जुने संगीत त्यातच राहते.
- मागच्या महिन्याभरातले व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि जाहिरातीखालच्या कॉमेंट.
- आकडे लिहायला एक वही किंवा शीट.

## १. तीन आकडे स्वतः बनवून घ्या

ॲड्स मॅनेजरमध्ये खर्च, रीच, मेसेज हे सगळे तयार मिळते. व्हिडिओचा कोणता भाग चालतो आणि कोणता नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी कॉलमच्या यादीत `Customize columns` मध्ये जाऊन `Create custom metric` ने हे तीन आकडे तयार करा. एकदा केले की कायम राहतात.

```
Hook rate  = 3-second video plays / Impressions
Hold rate  = ThruPlays / 3-second video plays
Click rate = Link clicks / 3-second video plays
```

पहिला आकडा सांगतो की रील समोर आल्यावर शंभरातल्या किती वेळा अंगठा तीन सेकंद थांबला. दुसरा सांगतो की थांबलेल्यांपैकी कितींनी पंधरा सेकंदांपर्यंत, किंवा रील त्याहून लहान असेल तर शेवटपर्यंत, पाहिले. तिसरा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा. थांबलेल्यांपैकी कितींनी बटण दाबले, ते यातून कळते. नेहमीचा सीटीआर, म्हणजे क्लिकचे प्रमाण, हा सगळ्या इम्प्रेशनवर, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यावर, काढलेला असतो, म्हणून हुक पडला की तोही पडतो आणि दोष माल-किमतीचा की सुरुवातीचा हे समजत नाही. तिसरा आकडा हा गोंधळ सोडवतो.

यांच्या जोडीला `Frequency`, `CPM`, `Messaging conversations started` आणि एका मेसेजचा खर्च एवढेच कॉलम ठेवा. बाकीचे काढून टाका.

## २. आठवड्यागणिक बघा, आणि तेही एकेका जाहिरातीचे

`Breakdown` मधून वेळेनुसार आठवडा निवडा. तारखा जाहिरात सुरू झाल्यापासून आजपर्यंतच्या घ्या आणि `Ads` च्या टॅबवर बघा, कॅम्पेनच्या नाही.

इथे फ्रिक्वेन्सीची एक गफलत हमखास होते. फ्रिक्वेन्सी म्हणजे इम्प्रेशन भागिले रीच, थोडक्यात एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली, आणि ती निवडलेल्या तारखांपुरती असते. दोन महिन्यांची एकत्र फ्रिक्वेन्सी पाच दिसली म्हणून घाबरायचे कारण नाही. एकाच आठवड्यात तीन दिसली तर मात्र त्याच माणसाला दर दोन-तीन दिवसांनी तीच रील दिसते आहे. आठवड्यांचे रीच एकमेकांत मिळवून एकूण रीच काढू नका. तीच माणसे पुन्हा मोजली जातात.

फ्रिक्वेन्सी अमुक झाली की जाहिरात शिळी, असा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. दर आठवड्याला ती वाढते आहे का आणि तिच्याबरोबर हुक रेट घसरतो आहे का, हे बघायचे. आपल्या भागात ती लवकर वाढते, कारण वर्तुळ लहान असते. बेळगाव शहराभोवती ४० किलोमीटरची त्रिज्या लावली तर खानापूर येते, सीमेपलीकडचे चंदगडही येते, पण निपाणी येत नाही. त्यातून फक्त पंचवीस ते पन्नास वयाच्या बायका निवडल्या की जाहिरात फिरायला जागा फारशी उरत नाही.

`Delivery` च्या कॉलममध्ये कधी `Creative limited` किंवा `Creative fatigue` असे लिहून येते. पहिल्याचा अर्थ, तुमच्या पूर्वीच्या जाहिरातींपेक्षा खर्च वाढला आहे. दुसऱ्याचा अर्थ, तो दुप्पट किंवा त्याहून जास्त झाला आहे. म्हणजे ही पाटी दिसेपर्यंत पैसे गेलेले असतात. आठवड्याचा तक्ता स्वतः बघितला तर हे दहा-पंधरा दिवस आधी कळू शकते.

## ३. शिळेपणा की दुसरेच काही?

मेसेजचा खर्च वाढला म्हणजे जाहिरात शिळी झाली, असे लगेच धरू नका. तो वाढण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळी आहे.

जागा महाग झाली. सीपीएम, म्हणजे हजार इम्प्रेशनचा खर्च, चढतो, पण हुक रेट आणि क्लिक रेट जागच्या जागी असतात. दिवाळीच्या आधी सगळेच जाहिराती लावतात तेव्हा असे होते. अशा वेळी नवा व्हिडिओ करून काही हाती लागत नाही.

मागणीच उतरली. पितृपक्षात नवी खरेदी टाळणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि लग्नाच्या साड्यांची विचारणा आषाढात मंदावते. तेव्हा लोक रील बघतात, थांबतात, पण बटण दाबत नाहीत. हुक रेट ठीक, क्लिक रेट खाली, आणि हे एकाच जाहिरातीत नाही तर जुन्या-नव्या सगळ्याच जाहिरातींत एकदम घडते. शिळेपणा असा एकदम सगळीकडे येत नाही. तो एकेका जाहिरातीला, जशी ती फिरत जाते तसा, हळूहळू लागतो.

व्हॉट्सॲपच्या बाजूला अडचण आहे. क्लिक तेवढेच, पण सुरू झालेले संवाद कमी. नंबर नीट जोडलेला आहे का आणि आधी भरून येणारा मेसेज दिसतो का, हे दुसऱ्या फोनवरून बटण दाबून बघा. संवादही तेवढेच आणि विक्री मात्र कमी असेल, तर दोष उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेत किंवा किमतीत शोधावा लागेल.

जागांचे मिश्रण बदलले. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रील्स, फीड आणि स्टोरी या तिन्ही ठिकाणी हुक रेट मुळातच वेगळा असतो. एखाद्या आठवड्यात यंत्रणेने जास्त पैसा स्टोरीकडे वळवला तर सरासरी हुक रेट घसरलेला दिसतो आणि व्हिडिओ मात्र ताजाच असतो. म्हणून निकाल देण्याआधी `Breakdown` मध्ये `Placement` लावून फक्त इन्स्टाग्राम रील्सचा हुक रेट पहिल्या आठवड्याशी ताडून बघा.

या चारही गोष्टी नसतील, फ्रिक्वेन्सी वर आणि हुक रेट खाली असेल, तर जाहिरात खरोखर शिळी झाली आहे.

## ४. कोणता भाग शिळा झाला ते हिशेबाने काढा

आपल्या शहापूरच्या दुकानाची रील तीस सेकंदांची आहे. पहिल्या तीन सेकंदांत मालक दुकानाच्या दारात हात जोडून नमस्कार करतात. चौथ्यापासून बाविसाव्या सेकंदापर्यंत चार इरकल साड्यांचे पदर आणि काठ उलगडून दाखवले आहेत. शेवटी ‘₹१,८५० पासून’ आणि व्हॉट्सॲपचे बटण. रोजचा खर्च ₹६००.

| | पहिला आठवडा | पाचवा आठवडा |
|---|---|---|
| सीपीएम | ₹९० | ₹९६ |
| आठवड्याची फ्रिक्वेन्सी | १.५ | ३.० |
| हुक रेट | ३४% | १९% |
| होल्ड रेट | २६% | २५% |
| क्लिक रेट | ४.१% | ४.२% |
| एका मेसेजचा खर्च | ₹१३ | ₹२४ |

हजार इम्प्रेशनचा हिशेब मांडू. पहिल्या आठवड्यात हजारात ३४० वेळा लोक थांबले, त्यांतून १४ क्लिक आले, त्यांतल्या निम्म्यांनी मेसेज केला. ₹९० ला ७ मेसेज, म्हणजे एक साधारण ₹१३ ला. पाचव्या आठवड्यात १९० वेळाच थांबले, ८ क्लिक, ४ मेसेज. ₹९६ ला ४, म्हणजे एक ₹२४ ला.

खर्च जवळजवळ दुप्पट झाला, पण थांबलेली माणसे साड्या तेवढ्याच आवडीने बघत आहेत आणि बटणही तेवढ्याच प्रमाणात दाबत आहेत. सीपीएमची वाढ किरकोळ आहे. म्हणजे माल, किंमत, मधला सगळा भाग ठणठणीत आहे. शिळे झाले ते फक्त मालकांचे नमस्काराचे तीन सेकंद. लोकांना ती पहिली चौकट ओळखीची झाली, आणि ओळखीची चौकट दिसताच अंगठा पुढे सरकतो.

हुक रेट टिकून क्लिक रेट घसरला असता, तर उलटे करावे लागले असते. सुरुवात तशीच ठेवायची आणि शेवटचे आठ सेकंद बदलायचे: किमतीची मांडणी, ब्लाउज पीसची माहिती, दुकान नेमके कुठे आहे ते. होल्ड रेट एकटाच पडणे त्या मानाने कमी दिसते. तसे झाले तर मधल्या भागाचा क्रम बदलून सर्वांत देखणी साडी चौथ्या सेकंदाला आणा.

## ५. तीन नव्या सुरुवाती, मागे तेच धड

मूळ प्रोजेक्टच्या तीन प्रती करा, पहिले तीन सेकंद कापा, तिथे नव्या क्लिप बसवा. चौथ्या सेकंदापासून एकही कट हलवू नका. धडही बदलले तर उद्या आकडे सुधारल्यावर श्रेय कोणाला द्यायचे ते कळणार नाही.

नवी सुरुवात पहिल्या चौकटीतच वेगळी दिसली पाहिजे. अक्षरांचा रंग बदलणे, नवे संगीत घालणे, व्हिडिओ थोडा झूम करणे याचा उपयोग होत नाही, कारण चौकट तीच ओळखू येते. माणूस, जागा, कॅमेऱ्याचे अंतर किंवा पहिले वाक्य यांतले निदान दोन बदला. या दुकानासाठी अशा तीन होऊ शकतात:

क: चेहरा नाही, दुकान नाही. फक्त दोन हात आणि उजेडात सर्रकन उलगडणारा लाल पदर, अगदी जवळून.

ख: गिऱ्हाइकाचा खरा प्रश्न. व्हॉट्सॲपचे जुने मेसेज यासाठी काढून ठेवायला सांगितले होते. जो प्रश्न वारंवार येतो तोच पहिले वाक्य करा. समजा तो किमतीचा आहे, तर काउंटरवरच्या ताई साडी हातात घेऊन म्हणतात, ‘वहिनी, पदर बघून किंमत सांगा बघू!’ उत्तर शेवटी येतेच आहे.

ग: तीच क्लिप, पण कन्नडमधून बोललेली, आणि वरची अक्षरेही कन्नडमध्ये. मराठी रील ज्यांनी पहिल्या शब्दाला सोडली ते गोकाक, बैलहोंगलकडून शहरात येणारे गिऱ्हाईक इथे थांबू शकते. ही सुरुवात लावायची तर धडावरचा आवाजही कन्नडमध्ये करून घ्या. तीन सेकंदांनंतर भाषा बदलली तर लोक निघून जातात. तेवढ्यापुरता ‘धड हलवू नका’ हा नियम मोडतो, म्हणून ‘ग’ चे आकडे ‘क’ आणि ‘ख’ शी ताडताना हे लक्षात ठेवा. कन्नडसाठी भाषेचे टार्गेटिंग मात्र लावू नका. ते फोन-ॲपच्या भाषेवर चालते आणि आपल्याकडे मराठी काय, कन्नड काय, पुष्कळांचे ॲप इंग्रजीतच असते.

अक्षरे कुठे बसवता तेही बघा. १०८० बाय १९२० च्या चौकटीत वरचा साधारण १४ टक्के आणि खालचा ३५ टक्के भाग मोकळा सोडा. तिथे नाव, मजकूर आणि बटण येते, आणि किंमत त्याखाली झाकली जाते. संगीत मेटाच्या `Sound Collection` मधले घ्या. गाजलेल्या गाण्याची व्यवसायासाठी परवानगी नसते आणि जाहिरात ऐनवेळी अडकते.

फाइलला आणि जाहिरातीला नाव असे द्या की महिन्याने बघितले तरी कळेल, जसे ‘ख’ साठी:

```
irkal_hookB_body1_offer1
```

## ६. चालू ॲड सेटमध्ये नवे घालताना

ही पायरी सावकाश करा, कारण आतापर्यंतचे काम इथेच वाया जाते.

चालू जाहिरातीत `Edit` करून व्हिडिओ बदलू नका. व्हिडिओ बदलला की नवी पोस्ट तयार होते, जुने लाइक आणि ‘छान साडी आहे’ म्हणणाऱ्या कॉमेंट तिच्यावर येत नाहीत. शिवाय जी जाहिरात अजून थोडेफार मेसेज आणत होती तीही हातातून जाते. त्याऐवजी ती निवडून `Duplicate` करा, मूळ कॅम्पेन आणि त्यातला मूळ ॲड सेट, म्हणजे एकाच टार्गेटिंगच्या जाहिरातींचा गट, हेच निवडा, आणि प्रतीत नवा व्हिडिओ घाला. तिन्ही जाहिराती एकाच बैठकीत तयार करून एकदम `Publish` करा.

एकदम करण्याला कारण आहे. ॲड सेटमध्ये नवी जाहिरात घालणे हा मेटाच्या हिशेबात मोठा बदल आहे आणि त्याने लर्निंग फेज, म्हणजे यंत्रणेचा शिकण्याचा काळ, पुन्हा सुरू होते. आज एक, परवा एक असे घातले तर दर वेळी ती नव्याने सुरू होईल. त्यातून बाहेर पडायला आठवड्याभरात साधारण ५० परिणाम लागतात. पाचव्या आठवड्यातही आपल्या दुकानाला रोज पंचवीसच्या आसपास मेसेज येत आहेत, म्हणून इथे हा काळ दोन-तीन दिवसांत सरेल. तुमचे आठवड्याला वीसच मेसेज येत असतील तर तीन जाहिराती घालू नका, एक किंवा फार तर दोन घाला.

त्याच दिवशी टार्गेटिंग बदलू नका. रोजच्या ₹६०० चे ₹६५० केल्याने सहसा फरक पडत नाही, पण एकदम ₹२,००० केले तर यंत्रणा पुन्हा शिकायला बसते. जत्रेसाठी दुकान बंद ठेवणार असाल तर ॲड सेट सात दिवसांपेक्षा कमीच थांबवा. सात दिवस किंवा जास्त थांबवला तर तोही मोठा बदल धरला जातो.

जुनी जाहिरात चालूच राहू द्या. नवीने भार उचलेपर्यंत मेसेज तिच्याकडूनच येणार आहेत.

## ७. निकाल कधी आणि कसा द्यायचा

हुक रेट लवकर स्थिर होतो. एखादी जाहिरात दोन हजार वेळा दिसली की तिचा हुक रेट साधारण दोन टक्क्यांनीच इकडेतिकडे होतो, तेव्हा ३१ आणि २१ मधला फरक खरा मानायला हरकत नाही. मेसेजच्या खर्चाला जास्त थांबावे लागते. निदान वीस-तीस मेसेज येईपर्यंत त्या आकड्यावर काही ठरवू नका.

समजा चार दिवसांनी ‘ख’ चा हुक रेट ३१ टक्के आला, ‘क’ चा २१, आणि ‘ग’ ला दोनशेच इम्प्रेशन मिळाली. क्लिक रेट ४.१ टक्केच धरला तर ‘ख’ चा हिशेब असा: हजारात ३१० थांबले, जवळपास १३ क्लिक, सहा-साडेसहा मेसेज. सीपीएम ₹९५ धरला तर एक मेसेज ₹१५ च्या आसपास पडतो. ‘ख’ चालू ठेवा, ‘क’ बंद करा.

‘ग’ बद्दल अजून काहीच कळलेले नाही. यंत्रणा सुरुवातीच्या अंदाजावर पैसा वाटते आणि एखादी चांगली जाहिरातही उपाशी राहते. तिला वाईट ठरवण्याआधी त्याच कॅम्पेनमध्ये एक वेगळा ॲड सेट करून रोजचे ₹१५० तिला द्या, आणि तिथे निपाणी, चिकोडी, गोकाकही जोडा. दोन्ही ॲड सेटमध्ये काही माणसे तीच असतील, म्हणून ही सोय आठवड्याभरापुरतीच ठेवा. ती चालली तर मूळ ॲड सेटमध्ये नव्याने अपलोड करू नका. `Use existing post` ने तीच पोस्ट निवडा, म्हणजे तिथे जमलेले लाइक-कॉमेंट बरोबर येतात.

‘ख’ दोन-तीन दिवस जुनीपेक्षा स्वस्त मेसेज आणत राहिली की नमस्काराची जुनी जाहिरात बंद करा. पुसू मात्र नका, कारण पुसलेली पुन्हा सुरू करता येत नाही. बंद ठेवलेली पाच-सहा आठवड्यांनी, काहीही न बदलता, परत चालू करून बघता येते. मधल्या काळात वर्तुळात नवी माणसे आलेली असतात, आणि जुन्यांना ती चौकट तितकी आठवत नसते. पहिल्या तीन-चार दिवसांचा हुक रेट पंचविशीच्या वर राहिला तर चालू द्या, लगेच विशीखाली गेला तर पुन्हा बंद करा.

‘ख’ हीदेखील शिळी होणार आहे. तिची आठवड्याची फ्रिक्वेन्सी अडीचकडे जाऊ लागली आणि हुक रेट सुरुवातीच्या तीन-चतुर्थांशावर, म्हणजे ३१ वरून २३ च्या जवळ आला, की पुढच्या तीन सेकंदांच्या क्लिप तेव्हाच शूट करून ठेवा.